नाचणी पफच्या पाकिटावरचा फ्लेमिंगो: डोळे तिरळे छापून येतात, स्टिकरचे पाय तुटतात

घणसोलीकर (शनिवार, सकाळी ११:१०)

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघी जावा मिळून लहान मुलांसाठी नाचणीचे मसाला पफ विकायला काढतोय. पफ रबाळे एमआयडीसीतल्या एका युनिटमध्ये जॉबवर्कने होतात, मसाला घरचा. पाच रुपयांचं पाकीट असेल, ऐरोलीपासून नेरूळपर्यंतच्या किराणा दुकानांत लटकवायचं.

शुभंकर म्हणून आम्ही रोहित पक्षी घेतला, म्हणजे आपला खाडीतला फ्लेमिंगो. नवी मुंबईतल्या मुलांना तो ओळखीचा आहे, पुलांवर आणि भिंतींवर त्याची चित्रं आहेत. एका डिझायनर मुलीने फार गोड चित्र काढून दिलं: गुलाबी पंख टोकाकडे पांढरे होत जातात, तपकिरी बुबुळं, लांब पापण्या, एक पाय वर. मोबाइलवर बघताना घरातल्या सगळ्यांना आवडलं.

आता छपाईवाल्याकडून पहिले नमुने आले. काही पाकिटांवर डोळे तिरळे दिसतात, काहींवर ठीक. पंखांच्या टोकाशी रंग मऊ विरत जाण्याऐवजी रेघ मारल्यासारखा तुटलाय. आणि जाहिरातीसाठी कापून घेतलेल्या स्टिकरचे पाय मुलांनी सोलताच तुटतात. छपाईवाला म्हणतो चित्रच चुकीचं, डिझायनर म्हणते छपाई वाईट. छपाईचे सिलिंडर नव्याने बनवायचे तर खर्च मोठा आहे, म्हणून आधी इथे विचारते. नक्की काय बदलायचं?

---

सोनल_खारघर (शनिवार, सकाळी ११:३५)

ताई, किती छान कल्पना! माझ्या मुलीच्या वाढदिवसाला आम्ही फ्लेमिंगोचा मोठा पोशाख भाड्याने आणला होता, आत माणूस शिरून नाचतो तो. तुम्हाला मॉलसमोर उभा करायला हवा असेल तर वाशीतल्या भाड्याने देणाऱ्यांची चौकशी करून सांगते. फक्त मान फार लांब असते, आतल्या माणसाला दरवाजातून जाता येत नाही.

---

घणसोलीकर (शनिवार, सकाळी ११:४८)

सोनल, धन्यवाद गं. पोशाखाचा विचार पुढे कधीतरी. सध्या पाकिटावरच्या छापील चित्राचाच प्रश्न आहे.

---

अण्णा_नौपाडा (शनिवार, दुपारी १२:२०)

माझं स्पष्ट मत, चित्र अजिबात बदलू नका. अमूलची मुलगी १९६६ पासून आहे तशी आहे, म्हणून ती लोकांच्या मनात बसली. छपाई सुधारा. हल्ली डिजिटल छपाई आहे, तिच्यात सिलिंडरच लागत नाही, रंग सरकत नाही, डोळेही तिरळे येणार नाहीत.

---

रोटोवाला (शनिवार, रात्री ९:४०)

वागळे इस्टेटमध्ये लवचिक पॅकेजिंगच्या प्री-प्रेसला माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे सविस्तर लिहितो.

ताई, तुमचा छपाईवाला आणि डिझायनर दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत. आधी डोळ्यांचं बघू, कारण मुलं चेहऱ्यात सगळ्यात आधी डोळेच बघतात आणि छपाईतला बिघाडही तिथेच पहिला दिसतो.

तुमचं पाकीट रोटोग्रॅव्हरवर छापलंय. यात प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर असतो. पारदर्शक पीईटी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला उलटं चित्र छापतात: आधी काळा, मग बाकीचे रंग, सगळ्यात शेवटी पांढरा. मग त्याच्या मागे चंदेरी फिल्म चिकटवतात. ही पीईटी साधारण १२ मायक्रॉनची, म्हणजे अगदी पातळ. ती ताणाखाली धावते, दर रंगानंतर गरम हवेतून सुकून पुढे जाते, त्यामुळे किंचित लांबते. एक रंग दुसऱ्यावर तंतोतंत बसेल याची खात्री कोणीच देत नाही. पाव मिलिमीटर इकडेतिकडे होणारच असं धरून चालायचं, रोलच्या सुरुवातीला आणि जोडाच्या आसपास त्याहून जास्त.

आता तुमच्या पक्ष्याचा डोळा बघा. बाहेरची कड काळी, म्हणजे एक सिलिंडर. बुबुळ तपकिरी, म्हणजे निळा, गुलाबी, पिवळा असे तीन सिलिंडर मिळून. मध्ये काळा ठिपका. पाच रुपयांच्या पाकिटावर हा सगळा डोळा चार-पाच मिलिमीटरचा असेल. त्यात तपकिरी बुबुळ पाव मिलिमीटर डावीकडे सरकलं की एका डोळ्यात ते कडेला टेकतं, दुसऱ्यात नाकाकडे जातं, आणि पक्षी तिरळा दिसतो. काही पाकिटं ठीक आणि काही तिरळी, याचा अर्थ चालू छपाईत रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग बसण्याची जुळणी, हलतंय. सगळीच एकसारखी तिरळी असती तर सिलिंडर किंवा मूळ फाइलवर संशय घेतला असता.

उपाय छपाईवाल्याच्या हातात अर्धाच आहे. उरलेला अर्धा चित्रात आहे: डोळ्याची कड आणि बाहुली दोन्ही फक्त काळ्यात ठेवा, बुबुळाचा वेगळा रंग काढून टाका. मग दोन्ही एकाच सिलिंडरवर कोरले जातात आणि एकमेकांपासून सरकूच शकत नाहीत. बाकीचे रंग कितीही हलले तरी नजर सरळ राहते. डोळ्यातला चमकीचा पांढरा ठिपकाही काळ्यातूनच कोरून काढा, त्याच्या मागे पांढरा आपोआप येतो.

तुमच्या फाइलमध्ये डोळ्याचा पांढरा भाग खरंच पांढऱ्या शाईवर आहे ना, हे विचारून घ्या. पांढरी शाई नसेल तिथे मागची चंदेरी फिल्म दिसते आणि डोळे करडे, निर्जीव वाटतात. प्रूफच्या कागदावर हे कळत नाही, कारण कागद मुळातच पांढरा.

---

रोटोवाला (शनिवार, रात्री १०:१५)

पंखांबद्दल राहिलं. गुलाबीतून पांढऱ्याकडे विरत जाणारी छटा सिलिंडरवर बारीक बारीक खड्ड्यांनी तयार होते. छटा फिकी होत जाते तसे खड्डे लहान होत जातात आणि एका मर्यादेनंतर त्यातली शाई फिल्मवर उतरतच नाही. म्हणून छटा विरत न जाता अचानक संपते, तुम्ही म्हणता तशी रेघ दिसते. इथे छपाईवाल्याला दोष देता येणार नाही.

पंखांना सपाट गुलाबी द्या, सावलीसाठी त्याहून गडद एक सपाट गुलाबी, बस. शक्य असेल तर हा गुलाबी चार रंग मिसळून न करता मुद्दाम बनवलेल्या एकाच शाईत घ्या. सिलिंडर एक वाढेल, पण दर खेपेला तोच गुलाबी मिळेल. नाहीतर दुसऱ्या खेपेला तुमचा पक्षी जांभळट येईल, तिसऱ्याला नारिंगी.

अण्णा, डिजिटलबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. सिलिंडर लागत नाहीत, रंगही खूप कमी सरकतो. थोडी पाकिटं बाजारात टाकून बघायला डिजिटल उत्तम. पण पाच रुपयांच्या पाकिटाला नगामागे तो खर्च परवडत नाही, विक्री वाढली की ग्रॅव्हरवरच यावं लागतं. त्यामुळे चित्र ग्रॅव्हरला झेपेल असंच हवं.

---

कुंचला (रविवार, सकाळी ८:०५)

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, ठाण्यातच असते. रोटोवाला काकांचं सगळं पटलं, पण अमूलच्या उदाहरणाबद्दल बोलायलाच हवं.

अण्णा, ती मुलगी तशीच राहिली हे खरं, पण तिचं चित्र मात्र सतत नव्याने काढलं जातं. युस्टेस फर्नांडिस यांनी ती घडवली तेव्हा होर्डिंग हाताने रंगवत. सपाट रंग, गोल चेहरा, मोठे डोळे, ठिपक्यांचा फ्रॉक, आणि नाक तर नाहीच. कोणत्याही रंगाऱ्याला काढता येईल इतकी ती सोपी आहे, आणि कुठल्याही वेशात बसवली तरी ओळखू येते. ताईंच्या पक्ष्याला हेच हवंय: वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या आकारांत काढला तरी तोच वाटला पाहिजे.

त्यासाठी एक चाचणी करा. चित्र पूर्ण काळं भरा, आतली एकही रेघ नको. मग ते पंधरा मिलिमीटर उंचीचं करून छापा आणि हात लांब करून बघा. कोण आहे ते कळतं का? फ्लेमिंगोची काळी सावली मोठ्या आकारात सुंदर दिसते, पण पंधरा मिलिमीटरला पाय नाहीसे होतात आणि उरतं बदक.

म्हणून माझी सूचना, पक्ष्याची एकच आकृती न ठेवता तीन ठेवा. होर्डिंग, बॅनर आणि व्हिडिओसाठी पूर्ण पक्षी, एक पाय वर. पाकिटाच्या दर्शनी बाजूला छातीपर्यंतचा पक्षी, पंखात पफ धरलेला, पाय नाहीतच. आणि पंधरा-वीस मिलिमीटरच्या जागेसाठी, म्हणजे पाकिटाची मागची बाजू, व्हॉट्सअॅपचा फोटो, खोक्यावरचा शिक्का, फक्त डोकं आणि मान. फ्लेमिंगोची वळलेली मान आपल्या देवनागरी २ सारखी दिसते, तो आकार अजिबात सोडू नका. लहान आकृतीत रेघा प्रमाणाबाहेर जाड लागतात. मोठं चित्र नुसतं लहान करून चालत नाही, नव्याने काढावं लागतं.

आणखी एक, छातीवर अक्षर किंवा एकाच बाजूला तुरा असलं काही नको. पक्ष्याने ब्रँडच्या नावाकडे किंवा पफकडे बघायला हवं, म्हणजे कधी डावीकडे तोंड, कधी उजवीकडे. अक्षर असलं की चित्र उलटवता येत नाही.

---

पाणथळ_ऐरोली (रविवार, सकाळी ९:३०)

पक्षीनिरीक्षक म्हणून एक दुरुस्ती. जोडलेल्या चित्रात गुडघा पुढे वाकवलाय. फ्लेमिंगोच्या पायाच्या मध्यावर दिसतो तो घोट्याचा सांधा, तो मागे वळतो. शिवाय आपल्या ठाणे खाडीत जास्त करून लहान रोहित येतो, त्याची चोच गडद असते. गुलाबी चोच आणि काळं टोक हा मोठा रोहित. २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत नाव गेलं, इथल्या मुलांना शाळेत हे सगळं सांगतात. ती पकडतील.

---

कुंचला (रविवार, सकाळी ९:५५)

गुडघ्याचं नक्की दुरुस्त करायला हवं. चोचीबद्दल मात्र मी मोठा रोहितच घेईन. चोच गडद केली की हसण्याची रेघ तिच्यात बुडते, आणि हसू दिसलं नाही तर पक्षी रागावलेला वाटतो. त्याची चोच मुळातच खाली वाकलेली आहे, त्यामुळे तोंडाचे कोपरे मुद्दाम वर न्यावे लागतात. फिकी चोच, काळं टोक, मध्ये एक जाड काळी रेघ वर वळलेली. काळं टोक आणि रेघ पुन्हा त्याच काळ्या सिलिंडरवर.

---

मीना_बालवाडी (रविवार, दुपारी ४:१०)

मी ऐरोलीत बालवाडी चालवते. धागा वाचून आमच्या मोठ्या गटातल्या मुलांना ते चित्र थोडा वेळ दाखवलं, झाकलं, आणि आठवेल तसं काढायला सांगितलं. दोष काढायला सांगितलं नाही, आवडलं का असंही विचारलं नाही, कारण मुलं ताईंना बरं वाटेल असंच उत्तर देतात.

बहुतेकांनी लांब मान काढली आणि एक पाय. पापण्या एकानेही काढल्या नाहीत. पंख दोघा-तिघांनी, तेही हातासारखे. चोच सगळ्यांनी काढली, पण सरळ, चिमणीसारखी. म्हणजे मान आणि एक पाय मुलांच्या डोक्यात शिरलेत, बाकीचं सजावट आहे.

"यात खाऊ कुठला असेल?" असंही विचारलं. पुष्कळ जण म्हणाले स्ट्रॉबेरीचा. एक मुलगा म्हणाला बडीशेपेच्या गोळ्या.

---

घणसोलीकर (रविवार, सायंकाळी ६:००)

मीनाताई, फार उपयोगी पडलं हे. स्ट्रॉबेरीचं ऐकून जाऊबाई म्हणतात गुलाबी रंगच काढून टाकू. पण गुलाबी नसलेला फ्लेमिंगो कोणी ओळखेल का?

---

कुंचला (रविवार, सायंकाळी ६:४०)

एक वेगळा विचार. फ्लेमिंगोची पिल्लं करडी-पांढरी असतात, गुलाबी रंग पुढे खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळे येतो. लहान मुलांचा ब्रँड आहे तर शुभंकर पिल्लूच का नको? अंग पांढरं-करडं, फक्त पंखाची कड आणि गाल गुलाबी. पाकिटाची पार्श्वभूमी मसाल्याची, केशरी-लाल. स्ट्रॉबेरीचा गोंधळ संपेल, शिवाय लाल पाकिटावर गुलाबी पक्षी हरवला असता तोही उठून दिसेल. जाहिरातीत गोष्टही मिळते: पिल्लू नाचणी पफ खातं आणि हळूहळू गुलाबी होतं!

---

कायदेशीर_पाचपाखाडी (रविवार, रात्री ८:२०)

गोष्ट गोड आहे, पण जपून. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात मुलांसाठीच्या जाहिरातींवर वेगळा भाग आहे. पदार्थ खाल्ल्याने बुद्धी किंवा शारीरिक क्षमता वाढते असं पुराव्याशिवाय सुचवायचं नाही. पिल्लाचा नुसता रंग बदलला तर तो कल्पनाविलास म्हणता येईल. पण त्याच दृश्यात ते उंच झालं, शर्यत जिंकलं, इतर पिल्लं मागे पडली, की दावा झाला. रंगावर थांबा. चिप्स आणि तशा स्नॅक्सची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात किंवा केवळ मुलांच्या चॅनेलवर करायची नाही, हेही त्यात आहे.

दुसरं, शाळा. एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त मेद, मीठ, साखर असलेल्या पदार्थांची विक्री, जाहिरात, फुकट वाटप शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत शाळकरी मुलांना करता येत नाही. नाचणी आहे म्हणून तुमचा पफ आपोआप त्यातून सुटत नाही, वरून तेल आणि मीठ किती मारता यावर आहे. प्रयोगशाळेचा अहवाल हातात आल्याशिवाय शाळेबाहेर पक्ष्याचे स्टिकर वाटू नका.

आणि ज्याबद्दल इथे कोणीच विचारलं नाही: चित्र कोणाचं आहे? पैसे दिले म्हणजे चित्र आपलं, असं धरू नका. डिझायनरकडून हक्क लेखी, सहीनिशी घ्या. कागदात मुदत लिहिली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तीनही आकृत्या, पुढचे बदल, अॅनिमेशन, स्टिकर सगळ्याचा उल्लेख हवा. मग पक्ष्याची आकृती ट्रेडमार्कला टाका, धान्यापासूनचे पफ वर्ग ३० मध्ये येतात. वैयक्तिक अर्जदार किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. बदल करायचे असतील तर आधी करा, अर्ज नंतर.

---

बबन_ट्रेडर्स (रविवार, रात्री १०:०५)

मी कोपरखैरणेत माल टाकतो, बाजारातलं सांगतो. तुमचं पाकीट लडीत लटकणार. दुकानदार ती वरच्या बांबूला किंवा खिळ्याला अडकवतो, एका लडीवर दुसरी येते. मूल खालून वर बघतं. पाकीट हवेने फुगलेलं असतं, त्यामुळे कडेला असलेलं चित्र मागे वळतं आणि वरचा-खालचा भाग सीलमध्ये चुरगळतो. पक्ष्याचं डोकं वरच्या सीलला लावलेलं असेल तर अर्धं कपाळ दिसेल. चेहरा मधोमध घ्या, फुगवट्यावर.

आणि खरं सांगू का, पोरं पाकिटातल्या स्टिकरसाठी माल घेतात. आत एक एक स्टिकर टाका, बाकी सगळं सोडा.

---

रोटोवाला (रविवार, रात्री १०:५०)

बबनशेठचं फुगवट्याचं शंभर टक्के खरं. पडद्यावर सपाट चित्र बघून पास करू नका. कागदावर खऱ्या मापात छापा, बाजारातल्या त्याच मापाच्या फुगलेल्या पाकिटावर गुंडाळून चिकटवा, उंचावर लटकवा आणि मुलाच्या उंचीला बसून बघा. पाच मिनिटांत कळतं.

पण स्टिकर सुटा आत टाकायला माझा विरोध आहे. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत छापलेली बाजू खाद्यपदार्थाला लागता कामा नये असं स्पष्ट आहे. स्टिकर म्हणजे शाई आणि गोंद, आणि तुमचा पफ तेलकट मसाल्याचा. घालायचाच असेल तर स्वतःच्या वेगळ्या बंद पुडीत हवा, आणि ती पुडी लहान मुलाच्या तोंडात चुकून जाणार नाही एवढी मोठी. त्या पुड्या टाकायला पॅकिंग मशीनवर वेगळी जोडणी लागेल, तिचा खर्च विचारून घ्या.

---

बबन_ट्रेडर्स (रविवार, रात्री ११:१५)

वेगळी पुडी केली की पाच रुपयांत काही उरत नाही. दुकानदाराकडे स्टिकर दिले तर तो मुलांना देत नाही, गल्ल्यात पडून राहतात. हा अनुभव आहे.

---

कायदेशीर_पाचपाखाडी (सोमवार, सकाळी ७:३०)

मुलांनी गरज नसताना खरेदी करावी म्हणून भेटवस्तूचं आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींना त्याच मार्गदर्शक तत्त्वांत परावृत्त करायला सांगितलंय. तेव्हा "आत स्टिकर!" असं पाकिटावर मोठं लिहिण्याआधी पुन्हा विचार करा.

---

कुंचला (सोमवार, सकाळी १०:००)

स्टिकर पाकिटातून द्यायचे की नाही ते ताई ठरवतील. ते तुटू नयेत यासाठी आकार कसा हवा ते सांगते.

कापणारी सुरी पक्ष्याच्या बाह्यरेषेवरून चालवलीय, म्हणून काडीसारखे पाय सुटे राहतात. सोलताना सगळा ताण पाय जिथे पोटाला जोडतो त्या कोपऱ्यावर येतो आणि तिथेच फाटतं. पक्ष्याभोवती दोन-तीन मिलिमीटरची पांढरी कड ठेवा आणि दोन पायांमधली, मान आणि छातीमधली जागा कापू नका, पांढरीच भरून टाका. आतल्या बाजूचे सगळे कोपरे गोल. कापाची बाह्यरेषा मुठीएवढ्या गोट्यासारखी सलग दिसली पाहिजे. तीच पांढरी कड व्हॉट्सअॅपच्या स्टिकरलाही कामाला येते, गडद पार्श्वभूमीच्या चॅटमध्ये काळी बाह्यरेषा दिसत नाही म्हणून. तिथे माप ५१२ बाय ५१२ पिक्सेल, पार्श्वभूमी पारदर्शक, स्थिर स्टिकर १०० केबीच्या आत. सपाट रंग असतील तर फाइल सहज बसते.

डिजिटल स्टिकरमध्ये मात्र पूर्ण मोकळीक घ्या. तिथे मान हेच तुमचं भांडवल: प्रश्न पडला की मान वळते, लाजला की पंखात डोकं, झोपला की एका पायावर. पाकिटावर एकच भाव ठेवा, बाकीचे सगळे इथे वापरा.

---

घणसोलीकर (मंगळवार, रात्री ९:२५)

सगळ्यांचे मनापासून आभार. डिझायनरशी बोलले, हक्काच्या कागदालाही ती तयार आहे. ठरलं ते असं: डोळे पूर्ण काळ्यात, पापण्या गेल्या, पंख दोन सपाट गुलाबींत, घोटा मागे वळवलेला, आणि कुंचला म्हणतात त्या तीन आकृत्या. पाकिटावर छातीपर्यंतचा पक्षी मधोमध. तिने बाह्यरेषा काळ्याऐवजी नाचणीच्या तपकिरी रंगात सुचवलीय, मऊ दिसते म्हणून. रोटोवाला काका, चालेल का?

पिल्लू की मोठा पक्षी यावर आम्हा दोघींचं अजून जमत नाही. जाऊबाईंना पिल्लू हवंय, मला वाटतं करडा पक्षी दुकानात बगळा समजतील.

---

रोटोवाला (मंगळवार, रात्री १०:३०)

तपकिरी बाह्यरेषा स्वतंत्र शाईत घेतली तर डोळे आणि रेघा एकाच सिलिंडरवर राहतात, तेवढं ठीक. पण मग बारकोडही त्याच तपकिरीत जाईल. दुकानातलं स्कॅनर लाल प्रकाश टाकतं, आणि लालसर तपकिरी पट्ट्या त्याला पांढऱ्यासारख्याच दिसतात. किराण्यात चालून जाईल, सुपरमार्केटमध्ये पाकीट वाचलं जाणार नाही. म्हणजे बारकोडसाठी काळा वेगळा ठेवायचा, एक सिलिंडर जास्त. मी तुमच्या जागी असतो तर काळीच रेघ ठेवून ती थोडी बारीक केली असती, पण पाकिटावर ०.३ मिलिमीटरच्या खाली नाही.

आणि दर्शनी बाजूचा हिरवा शाकाहारी शिक्का पक्ष्याच्या पंखाखाली दडवू नका. पाकिटाच्या दर्शनी भागाचं क्षेत्रफळ १०० ते ५०० चौरस सेंटिमीटरमध्ये असेल तर आतला गोल किमान ४ मिलिमीटर आणि बाहेरचा चौकोन ८ मिलिमीटरचा लागतो. तुमचं पाकीट शंभराच्या आसपास आहे, मोजून घ्या.

---

मीना_बालवाडी (बुधवार, दुपारी १:१५)

पिल्लू आणि मोठा पक्षी दोन्हींची कच्ची चित्रं पाठवा ना. शुक्रवारी दुसऱ्या गटाला तसंच दाखवून, झाकून, काढायला सांगते. बगळा म्हणतात का तेही कळेल.

---

घणसोलीकर (बुधवार, दुपारी २:४०)

उद्या सकाळी पाठवते, दोन्ही केशरी पार्श्वभूमीवर. फुगलेल्या पाकिटावर चिकटवूनच आणू का?

---

मीना_बालवाडी (बुधवार, दुपारी २:५२)

हो, तशीच आणा. आणि दोन्ही पाकिटं रिकामी असू देत, नाहीतर मुलं चित्र बघणारच नाहीत.